बालरुग्णाचा होकार : सात, बारा आणि अठरा या वयांचा अर्थ

रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक बालकाच्या कागदपत्रांत एक संमतीपत्रक असते आणि त्यावर आईची किंवा वडिलांची सही असते. ज्याच्या शरीरावर उपचार होणार, त्याची सही त्यावर बहुधा नसते. तीन वर्षांच्या बालकाबाबत याचे कोणासही नवल वाटत नाही. परंतु रुग्ण चौदा वर्षांचा असेल, आपल्याला काय झाले आहे हे जाणून घेण्याची त्याची इच्छा असेल आणि शस्त्रक्रियेनंतरचे सारे आयुष्य त्यालाच काढावयाचे असेल, तर त्याला कोणी काही विचारावयाचे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. पालक हा प्रश्न आम्हास वारंवार विचारतात. कोणी म्हणतात, ‘त्याला काही सांगू नका, तो घाबरेल.’ कोणी म्हणतात, ‘आता तो मोठा झाला आहे, त्यालाच विचारा.’ कायद्याचा निर्वाळा मागावा, तर कोठे बारा, कोठे अठरा, तर कोठे सात असे निरनिराळे आकडे पुढे येतात. हे आकडे निरनिराळे का आहेत आणि प्रत्यक्ष रुग्णशय्येपाशी त्यांचा काय उपयोग होतो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

बारा आणि अठरा : एकाच कायद्यातील दोन वये

वैद्यकीय उपचारास स्वतःची संमती कोणत्या वयापासून देता येते, हे एका वाक्यात सांगणारे कलम भारतीय कायद्यात नाही. डॉक्टरांनी शरीरास केलेली इजा गुन्हा केव्हा ठरत नाही, हे सांगणारी कलमे मात्र आहेत. ती प्रथम १८६० च्या भारतीय दंड संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत नव्या क्रमांकांनी जवळजवळ तशीच कायम राहिली. आजच्या २५ ते ३० या कलमांत ती सापडतात.

यांपैकी २५ वे कलम अठरा वर्षांचे वय सांगते. ज्या कृत्यात संमती देणाऱ्याचा स्वतःचा लाभ असेलच असे नाही, अशा कृत्यातील इजेचा धोका पत्करण्यासाठी माणूस अठरा वर्षांहून मोठा असावा लागतो. कायद्याने येथे तलवारबाजीच्या खेळाचे उदाहरण दिले आहे. पुढचे २६ वे कलम मात्र एखाद्याच्या लाभासाठी, त्याच्याच संमतीने व सद्हेतूने केलेल्या कृत्याविषयी आहे. त्यातील उदाहरण शल्यचिकित्सकाचे आहे आणि त्यात वयाचा उल्लेख नाही. वय येते ते २८ व्या कलमात. संदर्भावरून वेगळे दिसत नसेल, तर बारा वर्षांखालील बालकाने दिलेली संमती ही संमतीच मानली जात नाही. अशा बालकाच्या वतीने पालकाने संमती द्यावी, अशी तरतूद २७ व्या कलमात आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाला शल्यचिकित्सकाकडे नेणारा बाप हे तेथील उदाहरण आहे.

ही कलमे एकत्र वाचली म्हणजे दोन वयांमागील तर्क उलगडतो. आपल्याच भल्यासाठी होणाऱ्या कृत्यास बारा वर्षांचे वय गृहीत धरले आहे, तर ज्यात आपले भले नाही अशा कृत्यास अठरा. निर्णय जितका स्वतःच्या हिताबाहेरचा, तितकी अधिक परिपक्वता कायदा मागतो. अवयवदानाचे उदाहरण घेतल्यास हे पटेल. भावाला मूत्रपिंड देणाऱ्या बहिणीच्या शरीराला त्यातून काहीही मिळत नाही, म्हणून जिवंत दाता अठरा वर्षांहून लहान चालत नाही. अत्यंत अपवादात्मक वैद्यकीय कारण असेल, तरच शासकीय परवानगीने हा नियम शिथिल होऊ शकतो. रक्तदानासही अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, त्याचे कारण हेच. हीच बहीण स्वतः आजारी पडून तिच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर तिच्या म्हणण्याला बाराव्या वर्षानंतर कायद्याच्या दृष्टीने काही वजन येते.

मग तेरा-चौदा वर्षांच्या रुग्णासाठीही रुग्णालये पालकांची सही का घेतात? याचे उत्तर दिवाणी कायद्यात आहे. करार करण्यास माणूस सज्ञान असावा लागतो आणि १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्याप्रमाणे ते वय अठरा आहे. उपचाराची जबाबदारी, खर्च व गुंतागुंतीचा स्वीकार हे सारे एका परीने करारासारखेच असते. त्यामुळे प्रचलित पद्धत अशी झाली आहे की, बारा वर्षांवरील मुलाच्या साध्या तपासणीस त्याचा स्वतःचा होकार घ्यावा, परंतु भूल, शस्त्रक्रिया किंवा मोठ्या औषधोपचारासाठी अठरा वर्षांपर्यंत पालकांची लेखी संमती असावीच. बारा आणि अठरा यांच्या मधली ही सहा वर्षे कायद्याने पुरती मुलाकडेही दिलेली नाहीत आणि पुरती पालकांकडेही दिलेली नाहीत. बहुतेक अवघड प्रसंग याच सहा वर्षांत उद्भवतात.

विशेष कायद्यांची वये

काही उपचारांसाठी स्वतंत्र कायदे आहेत आणि त्यांतील वय त्या उपचारातील धोका ओळखून ठरविलेले आहे. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती आवश्यक आहे. तथापि, पालकांची संमती आवश्यक असली, तरी मुलीचे मत अनावश्यक ठरत नाही. महाराष्ट्रातील एका चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हे स्पष्ट केले. मुलीचे मत पालकांहून वेगळे असेल, तर न्यायालयाने तिचे मत महत्त्वाचे मानून विचारात घेतले पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अल्पवयीन रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करण्याचा अर्ज पालक करतात. परंतु मुलाची इच्छा समजू शकत असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी ती लक्षात घ्यावयाची असते. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावयाचे असते आणि पालकांनी किंवा त्यांच्या वतीने कोणी त्याच्यासोबत राहावयाचे असते. घरापासून दूर, बंद दाराआड राहण्याची भीती लहान वयात अधिक असते, हे ओळखून केलेली ही तरतूद आहे.

सात हे वय वैद्यकीय संशोधनाच्या नियमांतून आले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नव्या औषधाच्या अभ्यासात बालकाला घ्यावयाचे असेल, तर पालकांची संमती लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. येथे ‘संमती’ आणि ‘होकार’ हे दोन शब्द मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. संमती ही कायद्याने बांधणारी असते व ती पालकांची असते. होकार म्हणजे आपल्याला काय होणार आहे हे आपल्या वयाच्या भाषेत कळल्यावर मुलाने दिलेली मान्यता. नेहमीच्या उपचारांत कायदा असा होकार मागत नाही. तरीही संशोधनात रुजलेली ही रीत हळूहळू वॉर्डांमध्येही येत आहे, आणि ते इष्ट आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांकडून वेगळे अनुभव ऐकू येतात, कारण तेथील वये वेगळी आहेत. इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने सोळा वर्षांचा मुलगा वा मुलगी स्वतःच्या उपचारास संमती देऊ शकते. सोळा वर्षांखालील मुलाला विषयाची पुरेशी समज असेल, तर त्याचीही संमती ग्राह्य धरता येते, असे तेथील सर्वोच्च पीठाने १९८५ मध्ये ‘गिलिक’ खटल्यात ठरविले. तेथे समजेची परीक्षा प्रत्येक मुलागणिक होते, आपल्याकडे वयाचा आकडा अधिक बोलतो. आकड्याने निश्चितता येते, परीक्षेने न्याय अधिक नेमका होतो. प्रत्येक देशाने या दोहोंत आपापला मेळ घातला आहे, म्हणून वयेही वेगळी दिसतात.

चौदा वर्षांच्या रुग्णाचे उदाहरण

हा विषय एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, एका चौदा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या वर दोन महिन्यांपासून दुखते आहे आणि रात्री वेदना वाढतात. क्ष-किरण व एमआरआय तपासणी होते, बायॉप्सी होते आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, असल्याचे निदान होते. वाढीच्या वयात, गुडघ्याजवळच, हा रोग विशेषेकरून आढळतो. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसे स्वच्छ दिसतात, म्हणजे रोग पसरलेला दिसत नाही. उपचाराचा क्रम ठरलेला असतो. आधी सुमारे दहा आठवडे केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पुन्हा काही महिने केमोथेरपी.

यातील केमोथेरपी घ्यावयाची की नाही, हा मुलापुढे खुला प्रश्न म्हणून ठेवता येत नाही. केवळ शस्त्रक्रिया केल्यास बहुसंख्य मुलांमध्ये रोग फुप्फुसांत पुन्हा उद्भवतो, हे केमोथेरपीपूर्व काळातील अनुभवाने सिद्ध आहे. दोन्ही उपचार पुरे केल्यास, रोग पसरलेला नसलेल्या साधारण तीनांपैकी दोन मुलांना दीर्घकाळ बरे राहता येते. इतका फरक असताना चौदा वर्षांच्या मुलाच्या ‘नको’वर उपचार सोडणे कोणत्याही डॉक्टरांना योग्य वाटणार नाही.

शस्त्रक्रिया कोणती, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. रोग पूर्णपणे काढता येत असेल, तर पाय वाचविणाऱ्या आणि पाय काढणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर जगण्याची शक्यता सामान्यतः सारखीच असते. फरक पडतो तो पुढच्या जगण्याच्या तऱ्हेत. पाय वाचवून आत धातूचा सांधा बसविला, तर पाय दिसण्यास पूर्वीसारखा राहतो, परंतु धावणे, उड्या मारणे, फुटबॉल खेळणे बंद होते. सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा किंवा तो सैल होण्याचा धोका राहतो. मुलाची उंची वाढत असल्याने दोन्ही पायांच्या लांबीत फरक पडतो आणि पुढे आणखी शस्त्रक्रिया कराव्या लागतात. मांडीतून पाय काढला, तर बहुधा एकाच शस्त्रक्रियेत काम होते आणि कृत्रिम पाय लावून अनेक मुले पुन्हा चालू-फिरू लागतात. परंतु नसलेल्या पायात वेदना जाणवण्याचा त्रास काहींना होतो आणि आरशातील आपले रूप स्वीकारावे लागते. तिसरा एक मार्ग आहे. त्यात गुडघा काढून खालची पोटरी अर्धी फिरवून मांडीस जोडतात, त्यामुळे घोटा गुडघ्याचे काम करतो. त्यावर कृत्रिम पाय लावल्यावर हालचाल उत्तम होते, पण पाऊल उलटे दिसते.

या तिहींपैकी कोणता मार्ग बरा, हे सांगणारा आकडा नाही. ज्याला मैदानावर खेळावयाचे आहे त्याला एक बरा वाटेल, ज्याला शाळेत कोणाच्या नजरेत भरू नये असे वाटते त्याला दुसरा. ट्यूमर कोणत्या नसा-रक्तवाहिन्यांना चिकटला आहे यावरून काही मार्ग बंदही होतात. उरलेल्या मार्गांत निवड करताना मुलाला न विचारणे म्हणजे, ज्याला त्या पायावर चालावयाचे आहे त्याच्याखेरीज इतर सर्वांना विचारणे होय. येथे पालकांची संमती कायद्याने आवश्यक आहे आणि मुलाचा होकार विवेकाने आवश्यक आहे.

यासाठी केमोथेरपीचे दहा आठवडे उपयोगी पडतात. रोगाचे नाव मुलाला पहिल्या आठवड्यात, पालकांच्या उपस्थितीत सांगितले जाते. शस्त्रक्रियेच्या मार्गांची ओळख काही आठवड्यांनी, उलट्या आणि ताप ओसरलेल्या दिवशी करून दिली जाते. त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या एखाद्या मोठ्या मुलाशी, दोन्ही कुटुंबांच्या संमतीने, भेट घडविता आली तर उत्तम. समुपदेशक किंवा वैद्यकीय समाजसेवक मुलाशी एकदा पालकांविना बोलतात, कारण आईच्या डोळ्यांत पाणी दिसले की मुलगा आपल्या मनातले बोलत नाही. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात संमतीपत्रकावर पालक सही करतात आणि मुलाने काय निवडले व का, याची दोन ओळींची नोंद केसपेपरवर केली जाते.

समजले आहे, हे कसे ओळखावे

मान हलविणे हा समजल्याचा पुरावा नव्हे. डॉक्टरांची पहिली कसोटी म्हणजे, मुलाने आपल्या शब्दांत सांगावे की काय होणार आहे. दुसरी, ते आपल्याबाबत होणार आहे हे त्याच्या बोलण्यात यावे. ‘काही मुलांना फुटबॉल खेळता येत नाही’ असे म्हणणे आणि ‘मला खेळता येणार नाही’ असे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. तिसरी, एका मार्गातील तोटा त्याने स्वतःहून सांगावा. तोटा न सांगता केवळ पसंती सांगणारा मुलगा बहुधा कोणाचे तरी ऐकून बोलत असतो. चौथी, चार-पाच दिवसांनी पुन्हा विचारले असता उत्तर तेच यावे, आणि बदलले तर बदलण्याचे कारण त्याला सांगता यावे.

चुकीच्या उत्तराचीही काही लक्षणे आहेत. मुलगा प्रत्येक वाक्यापूर्वी वडिलांकडे पाहतो, ‘तुम्ही म्हणाल ते’ एवढेच म्हणतो, किंवा उपचाराच्या खर्चाची काळजी करून ‘स्वस्त असेल ते करा’ म्हणतो. अखेरचे लक्षण धर्मादाय रुग्णालयांत विशेष दिसते. अशा वेळी खर्चाची व्यवस्था कशी होणार आहे हे आधी त्याला सांगावे आणि मग प्रश्न पुन्हा विचारावा. तीव्र वेदना असताना, मॉर्फिनचा अंमल असताना किंवा निदान कळल्याच्या दिवशी दिलेले उत्तर ग्राह्य धरू नये.

या वयाच्या समजेविषयी १९८२ मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास आजही उपयुक्त आहे. नऊ, चौदा, अठरा व एकवीस वर्षांच्या निरोगी मुलांना व तरुणांना आजारांचे काल्पनिक प्रसंग सांगून उपचार निवडण्यास सांगितले होते. चौदा वर्षांच्या मुलांचा विचार सामान्यतः प्रौढांच्या तोडीचा आढळला. नऊ वर्षांच्या मुलांना कारणे नीट मांडता आली नाहीत, तरी त्यांची निवड बहुधा शहाणपणाची होती. मात्र औषधाचा परिणाम रूपावर होणार असेल, तेथे लहान वयाच्या मुलांचा कल औषध नाकारण्याकडे अधिक दिसला. कागदावरचा प्रसंग आणि स्वतःचा आजार यांत अंतर असते, हे खरेच. परंतु चौदाव्या वर्षी समज असते आणि रूपाची भीती त्या समजेला झाकोळू शकते, या दोन्ही गोष्टी वर सांगितलेल्या उदाहरणात ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत.

नकाराची मर्यादा

होकाराला जितके महत्त्व द्यावे, तितकेच नकाराला देता येत नाही, हे पालकांनी व मुलांनीही जाणावे. जीव वाचविणाऱ्या उपचारास मुलाने नकार दिला, तर तो नकार उपचार थांबवीत नाही. तो उपचाराची रीत बदलतो. बहुतेकदा मुलगा उपचार नाकारीत नसून सुई, केस गळणे किंवा शाळा बुडणे नाकारीत असतो. सुईची भीती असेल तर छातीत केमोपोर्ट बसविता येतो. शाळेशी बोलून परीक्षेची सोय करता येते. एवढे झाल्यावर पुष्कळदा नकार मावळतो. ज्या बाबतीत खरोखर निवड नाही, तेथे ‘तुला चालेल का?’ असे विचारूही नये, कारण विचारून उत्तर डावलले की मुलाचा विश्वास उडतो. ‘हे करावेच लागणार आहे, पण सकाळी करू की दुपारी, आई जवळ बसेल की बाबा, हे तू ठरव’ असे सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

अपघातात जखमी झालेल्या मुलाबाबत तर कायदाच बोलतो. तातडीची शस्त्रक्रिया न केल्यास प्राण जाण्याचा संभव आहे आणि पालकांना विचारण्यास वेळ नाही, अशा वेळी मूल विनवण्या करीत असतानाही सद्हेतूने शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. ३० व्या कलमाखाली हेच उदाहरण दिलेले आहे. याउलट पालकच प्राणरक्षक उपचारास नकार देत असतील, तर रुग्णालयाला बाल कल्याण समितीकडे किंवा उच्च न्यायालयाकडे जाता येते. पालकांचा अधिकार बालकाच्या हितासाठी दिलेला आहे, त्याच्या हिताविरुद्ध तो चालत नाही.

अठरावा वाढदिवस

वरच्या उदाहरणातील मुलगा बरा झाला, तरी त्याचे रुग्णालयाशी नाते अनेक वर्षांचे असते. तपासणीसाठी तो येत राहतो आणि धातूचा सांधा बसविला असेल तर पुढे तो बदलण्याचा दिवसही येतो. त्या वेळी त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली असतील, तर संमतीपत्रकावर सही त्याचीच लागते. वडिलांची सही तेथे साक्षीदाराची असते. त्याच्या तपासणीचे अहवालही त्याच्या परवानगीवाचून आई-वडिलांना देता येत नाहीत. मानसिक आरोग्य कायद्याने तर हे स्पष्टच केले आहे की, दाखल असताना रुग्ण अठरा वर्षांचा झाला, तर त्याची नोंद स्वतंत्र रुग्ण म्हणून करावी.

आदल्या दिवसापर्यंत ज्याला आजाराचे नावही सांगितले नव्हते, त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी चार पानांचे पत्रक आणि पेन देणे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे. म्हणून रुग्ण दहा-बारा वर्षांचा झाला की पालकांनी बाह्यरुग्ण विभागात येताना एवढे करावे. डॉक्टरांना त्याच्याशी थेट बोलू द्यावे, औषधांची नावे व वेळा त्याला स्वतः सांगू द्याव्यात आणि एखादा प्रश्न त्याच्या वहीत लिहून आणण्यास सांगावे. पंधरा-सोळाव्या वर्षी काही मिनिटे तो डॉक्टरांशी एकटा बोलेल, यास हरकत घेऊ नये. मग अठराव्या वर्षी केलेली सही ही त्याने आजवर घेतलेल्या लहान लहान निर्णयांच्या रांगेतील पुढची एक सही असेल.